टाकीच्या उंचीवरची लाल रेघ

रेघ जमिनीवर नव्हतीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात एवढं एक वाक्य कुणी ऐकून घेतलं नाही.

कर्जतला स्टेशनच्या पलीकडे औषधाच्या दुकानावर हेमचंद्र गुप्त्यांचं ऑफिस आहे. दोन ड्रोन, चार कॉम्प्युटर, एक एसी आणि त्याचं तोंड साहेबांच्या खुर्चीकडे. ड्रोन उडवायचा, शेकड्यांनी फोटो काढायचे, त्यांतून डोंगर, ओढा, झाडं, घरं यांचं मॉडेल तयार करायचं आणि गिऱ्हाइकाला ते पडद्यावर फिरवून बघता येईल असं करून द्यायचं. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक करून डोंगर कापून फार्महाऊसचे प्लॉट पाडणारी माणसं. नकाशावर सही करताना त्यांना डोंगर दिसतो. त्यावर कोण राहतं ते दिसत नाही. त्यांना दिसायला नकोच असतं.

मॉडेल फिरवायचा तो पडदा, व्ह्यूपोर्ट, नम्रताने लिहिला होता. ती कडावची. बाप दूध घालतो, आई भात लावते. कॉलेजात कॉम्प्युटर शिकली ते नावापुरतं, खरं शिकली ते रात्री मोबाईलवर व्हिडिओ बघून. शेडर म्हणजे काय हे गुप्ते साहेबांना आजही माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की आधीची जाळी त्यांना आवडत नव्हती. मॉडेलच्या खाली चौकोनी जाळी असायची, तिच्या कडा दिसायच्या. साहेब म्हणायचे, अंगणात चटई टाकल्यासारखं दिसतं, परदेशी सॉफ्टवेअरमध्ये कशी क्षितिजापर्यंत जाते, तशी पाहिजे.

नम्रताने तशी केली. ती जाळी कुठे साठवलेली नसते, हे तिला फार आवडायचं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी एक छोटा प्रोग्राम चालतो, फ्रॅगमेंट शेडर. तो विचारतो, बघणाऱ्याच्या डोळ्यातून या ठिपक्यातून सरळ गेलं तर शून्य उंचीच्या सपाटीला कुठे धडकू? धडकतच नसेल तर तो ठिपका सोडून द्यायचा. धडकला तर ती जागा दहा मीटरच्या पटीजवळ आहे का ते बघायचं, असली तर तिथे करडी रेघ. शेजारच्या ठिपक्यात ही जागा किती सरकते तेही मोजायचं, म्हणजे रेघ जवळ असो की लांब, एका केसाएवढीच जाड राहते. लांब गेल्यावर रेघा इतक्या दाट होतात की पडदा किडे वळवळल्यासारखा दिसतो, म्हणून अंतर वाढेल तशी रेघ फिकी करत न्यायची, शेवटी नाहीशी. आणि ती सपाटी डोळ्यापासून किती लांब आहे तेही ठिपक्यागणिक लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे टेकडी आली तर रेघ तिच्यामागे लपते.

दोन रेघा रंगीत. शून्यातून पूर्व-पश्चिम जाणारी लाल, दक्षिणोत्तर जाणारी निळी. त्यांना काही अर्थ नसतो. शून्य कुठे आहे आणि कुठली बाजू कुठली, एवढंच त्या सांगतात. कोपऱ्यात तीन बाणांचा छोटा गिझ्मो, लाल, निळा आणि वर दाखवणारा हिरवा. मॉडेल फिरवलं की बाण तसेच फिरतात, पण जागा सोडत नाहीत. हे सगळं जगभर असंच असतं.

मग ते वाडीचं काम आलं. मुंबईच्या एका ट्रस्टला कडावच्या वरच्या कातकरवाडीत पाणी द्यायचं होतं. वाडीच्या डोक्यावर टेकडीला टाकी, तिथून उताराने पाईप, दारोदार नळ. ट्रस्टच्या इंजिनिअरला प्रत्येक दार टाकीपेक्षा किती खाली आहे ते हवं होतं. नम्रताने शून्य टाकीवर ठेवलं. कुठेतरी ठेवावं लागतंच. नकाशाचे आकडे लाखांत असतात, ते तसेच दिले तर जाळी थरथरते, म्हणून शून्य जवळ आणावं लागतं. टाकीवर ठेवणं अगदी बरोबर होतं. टाकीच्या उंचीवर सपाटी, वाडी तिच्या खाली. जणू वाडीवर काचेचं झाकण, आणि त्या झाकणावर रेघा.

वरून बघितलं तर झाकणावरची रेघ घरावर असल्यासारखी दिसते. दिसणारच.

वाडीच्या शाळेत दुपारी बैठक झाली. खिडक्यांना गोणपाट लावले, भिंतीवर चादर. गुप्ते साहेब ट्रस्टबद्दल बोलले, मग जाळीबद्दलही बोलले, ही जाळी संपतच नाही, अनंत आहे, असं अभिमानाने. नम्रता मॉडेल फिरवत होती. बायका आपापली घरं ओळखत होत्या. वाघ्याच्या छपरावर बकरी चढलेली होती तशीच मॉडेलात आली होती. कुणीतरी म्हणालं, वाघ्या, तुजी बकरी पिच्चरमधी गेली, आता दूध देनार नाय. वाडी पोट धरून हसली.

मग नम्रताने मॉडेल थोडं कलतं केलं आणि लाल रेघ त्याच घरावरून, वाघ्याच्या आईच्या, बुधीच्या घरावरून गेली. हसणं थांबलं. तिला वाटलं, कंटाळले.

वाडीत साहेबाला समोर काही विचारत नाहीत. साहेब बोलतो तेव्हा मान हलवायची, तो गेला की आपसात बोलायचं. ही काही भीती नाही, ही पिढ्यानपिढ्यांची अक्कल आहे. विचारलं की नाव लिहून घेतात. तर कुणी विचारलं नाही. मागे उभा असलेला किशोर मात्र मोबाईलवर सगळं शूट करत होता.

किशोर कुंभिवलीचा. शेठचा माणूस. वाडी ज्या जमिनीवर आहे ती जमीन कागदावर शेठची. वाडी तिथे आजोबा-पणजोबांपासून. घरपट्टी भरतात, लाईटचं बिल भरतात, घराखालची जागा नावावर करून द्या म्हणून अर्ज तहसीलला पडून आहे. घर उभं आहे तोवर शेठला तो तुकडा विकता येत नाही. घर त्यांनी आपण होऊन सोडलं तर अर्जाला अर्थ उरत नाही. एवढं साधं आहे. बुधीचं घर उभं राहतं की नाही, यावर सगळं.

बुधी कडावात रानभाजी घेऊन यायची, नम्रताच्या ओटीवर टोपली टेकवून पाणी प्यायची. बैठकीनंतरच्या बाजाराला ती आली ती टोपली न घेताच. नम्रताच्या आईशी इकडचं तिकडचं बोलली, पावसाचं, सुनेच्या दुखण्याचं. मग जाता जाता विचारलं, ती तांबडी लाईन कधी येनार.

नम्रताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली. बुधी हसली नाही.

"किशोर दाखवतो ना समद्यांना मोबाईलात," बुधी म्हणाली. "रस्ता जानार म्हनतो. सरकारनं जागा घेतली की तुमचं नाव कागदावर नाय, तुमाला कायबी मिळनार नाय. आत्ताच उठा, तर शेठ कुंभिवलीत जागा देतो, पत्रे देतो."

आता या तालुक्यात हे खोटं कसं वाटेल? इथे रस्ता असाच येतो. आधी कुणीतरी उपकरण घेऊन फिरतं, मग रंगाच्या खुणा, मग नकाशावर लाल रेघ, मग मशीन. एक्स्प्रेसवे तसाच आला, नवे पूल तसेच आले, बोगदे तसेच. ज्यांना वाटलं होतं रेघ खोटी आहे, ते आज रसायनीच्या कंपन्यांच्या गेटबाहेर भाड्याच्या खोल्यांत आहेत. वाडी अडाणी नव्हती. वाडीने आजवर जे जे बघितलं होतं, त्यावरून तिने बरोबर हिशोब लावला होता. फक्त ही रेघ ती रेघ नव्हती.

नम्रता लॅपटॉप घेऊन वाडीवर गेली. बुधीच्या ओट्यावर बसली, सगळे गोळा झाले. तिने सांगितलं, ही रेघ जमिनीवर नाहीये. बघा, मॉडेल आडवं केलं की दिसतं, ही वर हवेत आहे, टाकीच्या उंचीला.

सगळ्यांनी माना वाकड्या करून पडद्याकडे बघितलं. मग वाघ्या म्हणाला, "म्हंजे टावर लाईन."

बुधीचा हा मुलगा, वीटभट्टीवर जाऊन आलेला, अंगाने काटक. बाकीच्यांनी माना हलवल्या. हवेतून जाते ती वीज. खोपोलीकडे जाणारे मोठे टॉवर त्यांच्या रोजच्या डोळ्यासमोर. तारेच्या खाली घर ठेवू देत नाहीत, हेही ठाऊक.

नम्रता म्हणाली, टॉवर नाही, काहीच नाही. हे बघ, मी इकडून बघते तर रेघ बुधीबायच्या घरावर दिसते. फिरवलं, आता बघ, तुझ्या काकाच्या घरावर. आणखी फिरवलं, आता ओढ्यावर. खरी असती तर अशी सरकली असती का?

काका उठून उभा राहिला. त्याला आत्तापर्यंत आपलं घर सुटलंय असं वाटत होतं. तो म्हणाला, अजून ठरलं नाय मंजे. कुणाच्या पन घरावर येऊ शकते. आणि तो निघून गेला, जाताना नम्रताकडे असं बघून गेला की तिनेच त्याच्या घराला हात लावलाय.

पलीकडच्या टेकाडावरची दोन माणसं आली होती. त्यांच्या घरांवर रेघ फिकी दिसायची, म्हणून किशोरने त्यांना सांगितलं होतं, तुमचा नंबर दुसऱ्या टप्प्यात. नम्रताने सांगितलं, फिकी आहे कारण लांब आहे, बघणाऱ्यापासून लांब, बाकी काही नाही. आणि दाखवायला म्हणून ती मॉडेलमध्ये त्यांच्या घराजवळ गेली. जवळ गेल्यावर रेघ ठळक झाली. होणारच, तसंच तिने लिहिलं होतं. दोघांचे चेहरे पडले. आता बुधीचं घर लांब होतं आणि तिथली रेघ फिकी. पण त्याने कुणाला बरं वाटलं नाही.

शेवटी तिने कोड उघडला. शून्याचे आकडे बदलले, टाकीवरून उचलून थेट शेठच्या आंब्याच्या बागेत टाकले. पान परत चालू केलं. लाल रेघ बागेतून गेली, निळीही. वाडीवर फक्त करड्या रेघा राहिल्या.

"बघा," ती म्हणाली. "मी म्हणेन तिथे जाते. हिला काही अर्थ नाही."

वाघ्याने पडद्याकडे नीट बघितलं. "तू म्हनशील तिथं जाते."

"हो."

"मंग आमच्या घरावर का टाकलीस?"

तिच्याकडे उत्तर होतं, टाकी, शून्य, इंजिनिअरचे आकडे, पण ते सगळं त्या प्रश्नापुढे थुकरट होतं. ती म्हणाली, टाकीपासून मोजायचं होतं म्हणून. वाघ्या म्हणाला, शेठच्या बागेपासून मोजायचं व्हतं. कुणी हसलं नाही. तो टोमणा नव्हताच.

बुधीने हळूच विचारलं, "आता तिथंच राहू दे ना गं. तुज्या हातात हाय तर."

नम्रता म्हणाली, राहू देते. राहू दिली. त्याने काय होणार होतं? किशोरच्या मोबाईलमधला व्हिडिओ जुना होता आणि तो कर्जत ते खालापूर सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. उलट किशोरला नवीन बोलायला मिळालं. तुमच्यासाठी शेठनं वजन वापरून लाईन आपल्या बागेत सरकवायचा प्रयत्न केला, म्हणाला, पन सरकार ऐकत नाय, पयली तीच खरी.

ती कुंभिवलीला जाऊन किशोरला भेटली. हायवेच्या कडेला टपरीवर तो चहा पीत होता. तिला त्याने बस म्हटलं, चहा सांगितला. ती म्हणाली, तुला चांगलं माहितीय तिथे कुठला रस्ता नाही.

"मी कुटं म्हनलो हाय म्हनून?" किशोर म्हणाला. "मी म्हनलो, गुप्ते साहेबांच्या मॉडेलात लाल लाईन हाय. हाय का नाय? तूच काढलीस. मी फक्त दाखवली."

"लोकं घरं सोडायला निघालीयत."

"मंग तू त्यांना लिहून दे. काय नाय होनार म्हनून. देशील?"

ती ऑफिसात येऊन साहेबांना म्हणाली, आपण लेटरहेडवर लिहून देऊ की ती रेघ म्हणजे फक्त मोजमापाचा अक्ष आहे, कुठलाही रस्ता किंवा वीजवाहिनी नाही. साहेबांनी चष्मा काढला. पहिलं वाक्य देऊ, म्हणाले, दुसरं कसं देणार? उद्या खरंच एखादा रस्ता आला तर? या तालुक्यात पुढच्या वर्षी काय येईल ते कलेक्टर तरी सांगू शकतो का? त्यात ते खोटं बोलत नव्हते. शेठच्या प्लॉटिंगचं कामही त्याच आठवड्यात ऑफिसला मिळालं होतं, ते मात्र ते बोलले नाहीत. नम्रताला ते समोरच्या फळ्यावर लिहिलेलं दिसत होतं.

पहिल्या वाक्याचं पत्र मिळालं. 'अक्ष' हा शब्द वाडीत कुणाला माहीत नव्हता, आणि ज्याने वाचला त्याने विचारलं, अक्ष म्हंजे किती फूट रुंद?

मग ती तहसीलला गेली. खिडकीवरच्या बाबूला म्हणाली, या गटनंबरातून कुठलाही मार्ग मंजूर नाही असा दाखला हवा. त्याने तिच्याकडे जरा दयेनेच बघितलं. म्हणाला, ताई, जे असतं त्याचा दाखला मिळतो. जे नाही त्याचा कसा देणार? कुठल्या फायलीतून काढू? माहितीच्या अधिकारात टाका, उत्तर येईल, माहिती उपलब्ध नाही. तिने टाकलं. तसंच उत्तर आलं. वाडीने ते वाचून घेतलं आणि म्हणाली, उपलब्ध नाय म्हंजे लपवतायत.

यात कुणाचं डोकं फिरलेलं नव्हतं. एकेक जण आपल्या जागी बरोबर होता. बाबू बरोबर, साहेब अर्धे बरोबर, वाडी तर सगळ्यात बरोबर. चूक कुठे बोट ठेवून दाखवायची तर दाखवता येत नव्हती. आणि या सगळ्या बरोबर माणसांच्या मधून एक घर जात होतं.

काका आधी गेला. मग टेकाडावरचे दोघे. ट्रस्टच्या बाईंनी साहेबांना फोन करून विचारलं की घरं कमी होत असतील तर एवढा पाईप परवडेल का. साहेबांनी नम्रताला सांगितलं, नव्याने मोजून दे, किती दारं उरली. तिने ते मोजायला घेतलंच नाही. लाल-निळ्या रेघांच्या चार ओळी मात्र कोडमधून काढून टाकल्या. आता नुसती करडी जाळी, शून्य कुठे आहे ते कुणाला कळू नये अशी. लॅपटॉप पाठीला लावून ती गाडीवरून निघाली. बुधीला दाखवू, म्हणजे निदान एक माणूस तरी थांबेल.

वाडीला पोचली तेव्हा वाघ्या छपरावर बसला होता. अर्धी कौलं उतरली होती. खाली टेंपो उभा, त्यात भांडी, गोधड्या, दाराची चौकट. घर आपणच उतरवायचं असतं, कारण मशीन आलं की कौलं फुटतात आणि वासे मोडतात, मग पुढच्या घराला काही उरत नाही. हेही त्यांनी आजवरच्या अनुभवावरूनच ठरवलेलं.

नम्रताने ओट्यावर लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता. तिने हाताची सावली धरली. बुधीबाय, बघ, म्हणाली, आता नाहीये. कुठेच नाही.

बुधीने वाकून बघितलं. डोळे बारीक केले, बराच वेळ शोधलं. तिला शोधताना बघणं नम्रताला सोसेना.

"पुसलीस," बुधी म्हणाली.

"मुळात नव्हतीच ती."

"नव्हती तर पुसलीस काय?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नम्रता तिला सांगत राहिली, जाऊ नका, अर्ज अजून पडलाय, घर उभं आहे तोवर कुणी काही करू शकत नाही, किशोर खोटं सांगतोय. बुधीने सगळं ऐकलं. कातकरी माणूस समोरच्याचं बोलणं मध्ये तोडत नाही. बोलून झाल्यावर ती म्हणाली, "पोरी, तू लबाड नाय. ठाव हाय मला. पन तुला ठाव नसंल असंबी आसतं ना. तू काडली, मंग ती तुज्याकडून साहेबाकडं गेली, साहेबाकडून कुटं गेली, तुला सांगितलंय का कुनी?"

शेठचं प्लॉटिंगचं काम. नव्या मॉडेलमध्ये या टेकडीवर पांढरे चौकोन आखायचे होते आणि ते तिलाच आखायला सांगणार होते. नाही म्हटलं तर दुसरं कुणी आखेल. बुधीला यातलं काय सांगायचं? खोटं बोलायचं असतं तरी कुठलं खोटं बोलायचं, तेच समजेना.

वरून वाघ्याने हाक मारली. खाली झेलणारा कुणी नव्हता, काका गेला होता. तो म्हणाला, येतंय का झेलता, का नुसतं कॉम्प्युटर येतं?

तिने लॅपटॉप मिटला, ओट्यावर ठेवला. वाघ्या एकेक कौल खाली सोडायला लागला. पहिलं तिच्या हातातून निसटून फुटलं. त्याने दुसरं जरा हळू सोडलं. ते तिने धरलं आणि बुधीकडे दिलं, बुधीने टेंपोतल्या पेंढ्यात आडवं लावलं. मग तिसरं.